अठरा हप्ते भरले, मुद्दल उतरलं किती?

२०१२ च्या फेब्रुवारीत मी जुनी पिकअप घेतली. आमचं गाव राहुरी तालुक्यात. घरचा कांदा घोडेगावला न्यायचा, परतीला कुणाचं खत, कुणाचा कडबा, असं भाडं करायचं, हा बेत. गाडी जुनी असल्यामुळे बँकेनं नाही म्हटलं. मग नगरमधल्या एका फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तेव्हा असा हिशोब करणारी ती काही एकटी नव्हती.

कर्ज ४ लाख ८० हजार. मुदत ४८ महिने. व्याज साडेबारा टक्के फ्लॅट. एजंट गावात येऊन ओट्यावर बसून हिशोब सांगून गेला. "दादा, वर्षाला साठ हजार व्याज. चार वर्षांचं दोन लाख चाळीस. मुद्दल धरून सात लाख वीस. भागिले अठ्ठेचाळीस, पंधरा हजार हप्ता. शेकड्याला रुपयाच्या आसपासच पडतंय महिन्याला." हिशोब तोंडी करता येण्यासारखा होता, म्हणून पटला. गावातला सावकार त्या वेळी तीन टक्क्यांच्या खाली बोलत नव्हता.

पहिला हप्ता मार्चमध्ये गेला. तो उन्हाळा आणि पुढचं वर्ष दुष्काळाचं होतं. चाऱ्याची भाडी मात्र भरपूर मिळाली. गाडी चालत राहिली, हप्ता चुकला नाही. एकदा चेक परत जाईल अशी वेळ आली होती, तेव्हा बायकोनं बचत गटातून पैसे आणून भरले.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याचा बाजार उठला. क्विंटलला चार हजारांच्या वर भाव गेला. आमच्या विहिरीला पाणी टिकलं होतं, त्यामुळे चाळीत उन्हाळी कांदा होता. तो विकला आणि हातात एकदम मोठी रक्कम आली. घरात बोलणं झालं. म्हातारा म्हणाला, "आधी डोक्यावरचं उतरव, मग बाकीचं बघू." तोवर अठरा हप्ते गेले होते, तीस उरले होते.

कर्ज बंद करायला किती लागतील याचा मी मनाशी हिशोब केला. हप्ता पंधरा हजारांचा. त्यात पाच हजार व्याज, दहा हजार मुद्दल. एजंटानं सांगितलेल्या हिशोबावरून तेच निघत होतं. अठरा हप्त्यांत १ लाख ८० हजार मुद्दल फिटलं, राहिले ३ लाख. वर काही दंड-बिंड घेतील, धरू दहा हजार.

नगरच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या पोरानं कर्ज बंद करण्याचं पत्रक काढून दिलं. त्यावर असं होतं. येणे हप्ते ४,५०,००० रुपये. वजा व्याजातली सूट ९४,८९८. बाकी ३,५५,१०२. त्यावर मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क चार टक्के, १४,२०४. शुल्कावर सेवा कर १,७५६. एकूण ३,७१,०६२ रुपये.

मी धरलेल्या रकमेपेक्षा साठ हजार जास्त. त्याला विचारलं, सूट एवढीच कशी? तीस महिन्यांचं व्याज पाच हजारांप्रमाणे दीड लाख होतं, दीड लाख सूट पाहिजे. तो म्हणाला, "सिस्टीममधूनच येतं, काका." मॅनेजर बाहेर गेले होते. मी पत्रक खिशात घालून परत आलो. भांडायची इच्छा खूप होती, पण नेमकं कशावर भांडायचं तेच कळत नव्हतं. सूट तर दिली होती. सूट कमी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे ओट्यावरचा तोंडी हिशोब सोडून काही नव्हतं.

माझा भाचा नगरला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होता. रविवारी तो घरी आला, तेव्हा करारनामा आणि ते पत्रक त्याच्यापुढे टाकलं. करारनामा इंग्रजीत, बारीक अक्षरात, पानं भरपूर. त्यानं चाळून एक कलम काढलं. कर्ज मुदतीआधी फेडल्यास व्याजातली सूट 'सम ऑफ डिजिट्स' पद्धतीनं दिली जाईल, एवढंच त्यात होतं. ती पद्धत काय, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मामा, यालाच रूल ऑफ सेव्हंटी एट म्हणतात," तो म्हणाला. आणि त्यानं वहीच्या मागच्या पानावर समजावून दिलं. ते मी इथं सांगतो, कारण त्या दिवसापर्यंत ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

एक वर्षाचं कर्ज धरा. बारा हप्ते. १ पासून १२ पर्यंतचे आकडे मिळवले की ७८ येतात. वर्षाच्या एकूण व्याजाचे ७८ भाग करायचे. पहिल्या महिन्याला १२ भाग, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १०, असं करत शेवटच्या महिन्याला एक भाग. सुरुवातीला तुमच्याकडे सगळं मुद्दल असतं म्हणून व्याज जास्त, शेवटी थोडंच राहतं म्हणून कमी. ऐकायला बरोबर वाटतं. मधेच कर्ज बंद केलं, तर जे महिने राहिले त्यांच्या वाट्याचे भाग म्हणजे तुमची सूट.

माझं कर्ज ४८ महिन्यांचं. १ ते ४८ ची बेरीज १,१७६. तीस हप्ते राहिले होते. १ ते ३० ची बेरीज ४६५. म्हणून २,४०,००० गुणिले ४६५ भागिले १,१७६. उत्तर ९४,८९८. पत्रकावरचा आकडा रुपयाला रुपया जुळला. म्हणजे चूक नव्हती, पोरगं खरं बोलत होतं.

मग माझा दीड लाखाचा हिशोब कुठं चुकत होता? भाचा म्हणाला, दोन गोष्टी वेगळ्या करा, नाहीतर भांडायला जाल आणि हसं करून घ्याल. पहिली गोष्ट फ्लॅट व्याजाची आहे. दर महिन्याला पाच हजार व्याज हे फक्त सांगायचं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे पूर्ण ४ लाख ८० हजार असतात, शेवटच्या महिन्यात जेमतेम पंधरा हजार. दोन्ही महिन्यांना सारखंच व्याज कसं लागेल? खऱ्या हिशोबात सुरुवातीला जास्तच लागणार. ते कुठल्याही बँकेत तसंच असतं.

खरा हिशोब म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक, तेवढ्यावरच एका ठरलेल्या दरानं व्याज. तो दर काढायला त्यानं कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये हे टाकलं:

```
=RATE(48,-15000,480000)
```

उत्तर आलं महिन्याला १.७९४ टक्के. वर्षाचे साडेएकवीस टक्के. साडेबारा नव्हे. मी खुर्चीत जरा मागे झालो. शेकड्याला रुपया म्हणता म्हणता जवळजवळ पावणेदोन-दोन रुपये पडत होते, आणि हे कर्ज बंद करायच्या आधीपासूनच चालू होतं. मग त्यानं त्याच दरानं, तीस हप्ते राहिले असताना मुद्दल किती शिल्लक असायला हवं ते काढलं:

```
=PV(RATE(48,-15000,480000),30,-15000)
```

आकडा आला ३,४५,६६० च्या आसपास. कंपनी मागत होती ३,५५,१०२. फरक साधारण ९,४४० रुपये.

म्हणजे माझे तीन लाख आणि कंपनीचे तीन लाख पंचावन्न हजार, यातल्या ५५ हजारांपैकी साडेपंचेचाळीस हजार फ्लॅट व्याजाच्या भुलभुलैयाचे. ते कुठल्याही पद्धतीनं द्यावेच लागले असते. उरलेले ९,४४० मात्र या अठ्ठ्याहत्तरच्या नियमाचे. खरं सांगतो, ऐकून थोडा हिरमुसलो. मला साठ हजारांवर भांडायचं होतं.

पण हे ९,४४० तरी का? व्याज सुरुवातीला जास्त हे नियमही म्हणतो आणि खरा हिशोबही म्हणतो, मग फरक कुठून येतो? हे समजायला मला वेळ लागला. भाच्यानं पहिल्या महिन्याचे दोन हिशोब शेजारी शेजारी मांडले.

खऱ्या हिशोबात पहिल्या महिन्याचं व्याज ८,६११. हप्त्यातले उरलेले ६,३८९ मुद्दलात जमा. मुद्दल थोडंच उतरलं, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज फक्त ११५ रुपयांनी कमी. अठ्ठ्याहत्तरच्या नियमात पहिल्या महिन्याला ४८ भाग, म्हणजे ९,७९६ व्याज. मुद्दलात जमा फक्त ५,२०४. आणि पुढे दर महिन्याला व्याज बरोबर २०४ रुपयांनी कमी होत जातं, मुद्दल किती उतरलं ते न बघता.

आता गंमत अशी की ४८, ४७, ४६ असे भाग पाडण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मुद्दल दरमहा सारखं उतरतंय, म्हणजे ४ लाख ८०, मग ४ लाख ७०, मग ४ लाख ६०. माझ्या ओट्यावरच्या हिशोबासारखंच. व्याजाचे वाटे पाडताना कंपनी धरते की मुद्दल दहा हजारांनी उतरलं. आणि बाकी काढताना म्हणते की मुद्दल ५,२०४ नीच उतरलं. एकाच कागदावर दोन तोंडं. व्याज आधी ओढून घेतलं जातं, म्हणून मुद्दल मागे राहतं. ते मागे राहिलेलं मुद्दल कर्ज मधे बंद करणाऱ्याकडून वसूल होतं.

शेवटपर्यंत हप्ते भरणाऱ्याला याचा काहीच पत्ता लागत नाही. अठ्ठेचाळीस हप्त्यांनंतर दोन्ही हिशोबांत व्याज तेवढंच, दोन लाख चाळीस हजार. सुरुवातीला जास्त घेतलेलं शेवटी कमी लागून फिटून जातं. शेवटच्या हप्त्यात नियमाप्रमाणे व्याज २०४ रुपये, खऱ्या हिशोबात २६४. म्हणून गावात कुणी याची तक्रार करताना ऐकली नव्हती. बहुतेक जण कर्ज शेवटपर्यंत ओढतात. ज्याला चार पैसे मिळाले आणि जो लवकर मोकळा व्हायला जातो, त्यालाच हा फटका. आणि ही पद्धत उलटून कर्जदाराच्या फायद्याची कधी होत नाही. कुठल्याही महिन्यात बंद करा, बाकी खऱ्या हिशोबापेक्षा थोडी तरी वरच असते. साधारण एक तृतीयांश मुदत झाली की हा फरक सगळ्यात जास्त असतो. मी अठरा हप्त्यांवर गेलो, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात.

भाच्यानं आणखी एक दाखवलं. हेच कर्ज एका वर्षाचं असतं आणि पाच हप्त्यांनंतर बंद केलं असतं, तर फरक साडेसहाशे रुपयांच्या आसपास. मुळात हा नियम अशाच छोट्या मुदतीच्या कर्जांसाठी होता. कॉम्प्युटर नव्हते, कारकुनाला कागदावर पटकन सूट काढता यावी म्हणून अमेरिकेत १९३० च्या दशकात तो कायद्यात आला. तिथं १९९२ मध्ये ६१ महिन्यांपेक्षा लांब मुदतीच्या कर्जांना तो बंद केला. इंग्लंडमध्ये २००५ पासून सूट खऱ्या हिशोबानं द्यावी लागते. मुदत लांब आणि व्याज जास्त, तेवढा फरक वाढत जातो. जुन्या गाड्यांच्या कर्जात या दोन्ही गोष्टी एकत्र असतात.

आपल्याकडे काय? १९७२ मध्ये भाडे-खरेदीचा कायदा संसदेत झाला होता. मुदतीआधी पैसे भरणाऱ्याला किती सूट द्यायची तेही त्यात लिहिलेलं होतं. पण तो कायदा कधी अमलातच आला नाही, आणि २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे मी सही केली तेव्हा करारात काय लिहिलंय तोच कायदा. आणि करारात सम ऑफ डिजिट्स लिहिलेलं होतं.

भाच्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी दोन वाक्यांत सल्ला दिला. "पद्धतीवर भांडू नका, तिथं तुमची सही आहे. शुल्कावर बोला, ते त्यांच्या हातात असतं."

पुन्हा शाखेत गेलो, या वेळी आधी फोन करून, मॅनेजर असतील अशा वेळी. अर्ज लिहून नेला होता. त्यात तीन गोष्टी मागितल्या. एक, महिन्यागणिक व्याज आणि मुद्दलाचा तक्ता. दोन, सूट कुठल्या कलमानं काढली ते लेखी. तीन, सगळे हप्ते वेळेवर भरलेत म्हणून शुल्कात सवलत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याला माझा दोन रकान्यांचा कागद दाखवला तेव्हा त्यानं तो नीट वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. पण हा वरचा निर्णय आहे, शाखेला बदलता येत नाही."

काही दिवसांनी उत्तर आलं. सूट तीच राहिली, ९४,८९८. शुल्क चारऐवजी दोन टक्के. ७,१०२ आणि त्यावर सेवा कर ८७८. एकूण ३,६३,०८२. आठ हजारांच्या जवळपास वाचले. अठ्ठ्याहत्तरच्या नियमात गेलेले परत आले नाहीत, दुसऱ्या दारानं बरेचसे मिळाले असं म्हणू. हे शुल्कही कंपनी बाकीवर लावते, आणि बाकीच नियमानं फुगलेली असते. म्हणजे फुगलेल्या आकड्यावर शुल्क आणि शुल्कावर कर. मी ते बोलून दाखवलं, पण ताणलं नाही.

मधल्या दिवसांत घरात एक वेगळाच वाद झाला. बायकोचं म्हणणं, एवढे पैसे यांच्या घशात घालण्यापेक्षा पतसंस्थेत ठेव करा आणि हप्ते चालू ठेवा. रागाच्या भरात मलाही ते पटत होतं. भाच्याला फोन केला. त्यानं उलटा हिशोब करून सांगितला. आधीच्या पत्रकाप्रमाणे, म्हणजे चार टक्के शुल्क धरूनही, ३ लाख ७१ हजार आज भरले तर पुढचे ४ लाख ५० हजारांचे हप्ते टळतात. हे पैसे वर्षाला साडेपंधरा टक्क्यांनी गुंतवल्यासारखं होतं. "मामा, कुठली पतसंस्था साडेपंधरा देते? देत असेल तर तिथं ठेवूच नका." नियम कर्जदात्याच्या बाजूचा आहे, तरी कर्ज बंद करणं तोट्याचं नव्हतं. फायदा साडेएकवीस टक्क्यांचा व्हायला हवा होता, तो कमी झाला, एवढंच. हे लक्षात घेतलं नसतं तर रागानं आणखी अडीच वर्षं हप्ते भरत बसलो असतो.

पैसे डिमांड ड्राफ्टनं भरले. त्याच दिवशी पोच घेतली आणि पत्रकाच्या प्रतीवर 'पूर्ण व अंतिम' असं लिहून घेतलं. एनओसी आणि फॉर्म ३५ यायला वेळ लागला, तेवढ्यात दोनदा फोनवर आवाज चढवावा लागला. कोरे चेक परत मागितले, तेही मिळाले. एनओसीला मुदत असते, म्हणून लगेच आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवला. गावात एकानं हे काम टाळलं होतं. पुढे गाडी विकताना त्याला एनओसी पुन्हा काढावी लागली, आणि कंपनीनं त्या शहरातली शाखाच बंद केलेली.

यानंतर बरंच बदललं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं नव्या किरकोळ कर्जांना मुख्य बाबींचं पत्रक सक्तीचं केलं. त्यात खरा वार्षिक दर द्यावा लागतो आणि हप्त्यांचा पूर्ण तक्ता जोडावा लागतो. फ्लॅट दर सांगून साडेबारा म्हणायचं आणि साडेएकवीस घ्यायचं, हे आता कागदावर तरी उघडं पडतं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांसाठी मुदतीआधी फेडीच्या शुल्काचेही नवे नियम आहेत. पण शुल्कबंदी फ्लोटिंग व्याजदराच्या कर्जांवर आहे. गाड्यांची कर्जं बहुतेक ठरीव दराची असतात, तिथं शुल्क कंपनीच्या धोरणाप्रमाणे लागतं. आणि रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर गावोगाव जे खासगी फायनान्सवाले बसलेत, त्यांच्या वहीत कुठली पद्धत आहे ते तेच जाणोत.

तक्ता हातात आला की ओळखायला सोपं आहे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. पहिल्या ओळीतलं व्याज घ्या, त्याला त्या महिन्याच्या सुरुवातीच्या मुद्दलानं भागा. मग शेवटच्या ओळीला तेच करा. हिशोब खरा असेल तर दोन्हीकडे दर सारखाच येतो. माझ्या कर्जाच्या तक्त्यात पहिल्या ओळीला २.०४ टक्के आणि शेवटच्या ओळीला १.३८ आले होते. दुसरी खूण त्याहून सोपी. व्याजाचा रकाना वरून खाली वाचत जा. दर महिन्याला नेमके तेवढेच रुपये कमी होत असतील, तर तो अठ्ठ्याहत्तरचा नियम. खऱ्या हिशोबात कपात आधी लहान असते, पुढे मोठी होत जाते. फक्त पहिला हप्ता भरायची तारीख पुढेमागे असली तर पहिली ओळ थोडी वेगळी येते. तेव्हा दुसरी-तिसरी ओळ धरा.

हे सांगितल्यापासून लोक कागद घेऊन येतात. मागच्या दिवाळीत शेजारचा पोरगा आला. त्याचंही जुन्या गाडीचं कर्ज, जवळपास माझ्याच आकड्यांचं, पद्धत तीच, एका खासगी फायनान्सवाल्याकडचं. आठ हप्ते राहिलेले. बोनस मिळाला होता आणि दिवाळीला मोकळं व्हायचं म्हणत होता.

मी माझ्या आकड्यांवर त्याला करून दाखवलं. आठ हप्ते म्हणजे १ लाख २० हजार. १ ते ८ ची बेरीज ३६. दोन लाख चाळीस हजार गुणिले ३६ भागिले १,१७६, सूट ७,३४७. बाकी १,१२,६५३. त्यावर चार टक्के शुल्क आणि अठरा टक्के जीएसटी मिळून ५,३१७. म्हणजे एक लाख अठरा हजारांच्या आसपासची रक्कम आजच मोजायची आणि हाती लागायचे दोन हजार तीस रुपये.

"मग बंद करू का नको, तात्या?" त्यानं विचारलं.

त्याला म्हटलं, शुल्क माफ करतात का विचार. लेखी माफ केलं तर भर, सात हजार वाचतात. नाही केलं तर बोनस बँकेत टाक आणि आठ हप्ते जाऊ दे. त्यानं फोन लावला. समोरचा म्हणाला, विचारून सांगतो. दोन दिवसांनी अर्धं शुल्क माफ झाल्याचा निरोप आला. मी म्हटलं, निरोप नको, कागद आण. तो कागद अजून आलेला नाही, आणि पोरानं तेवढ्यात आणखी एक हप्ता भरलाय.